पोलच्या निकालाची पोस्ट पुन्हा लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोल घेतला, मतं आली, त्यावरून एक निर्णय झाला आणि आता ते सगळ्यांना कळवायचं आहे. अशा पोस्टचे कच्चे मसुदे माझ्याकडे संपादनासाठी येतात आणि त्यांच्यासोबत पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे. ते दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून निदान तो आधी वाचा.

१. आधी निकाल सांगू की आधी निर्णय?

आधी निर्णय. लिहिणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण त्याने आधी मतं मोजली आणि मग निर्णय घेतला, म्हणून लिहितानाही तो त्याच क्रमाने जातो. वाचणारा मात्र "आता माझ्यासाठी काय बदलणार?" एवढंच मनात धरून पोस्ट उघडतो. त्याचं उत्तर पहिल्या वाक्यात मिळालं की तो पुढचे आकडे शांतपणे वाचतो. ते मिळालं नाही, तर आकड्यांवरून नजर फिरवत निर्णय शोधत बसतो आणि ज्या आकड्यांसाठी तुम्ही एवढी मेहनत घेतली, तेच त्याच्या नजरेतून सुटतात.

पहिल्या वाक्यात तीन गोष्टी याव्यात: काय बदललं, आधी काय होतं आणि कधीपासून. "आम्ही काही बदल करत आहोत" या वाक्यात त्यातली एकही नाही.

याला एक अपवाद आहे. पोल नुसता कल पाहण्यासाठी होता आणि निर्णय अजून झालेलाच नाही, तर आधी निकाल द्या आणि निर्णय कधी होईल ती तारीख सांगा. फक्त अशा पोस्टला निर्णयाची पोस्ट म्हणू नका.

२. मसुदा कसा असतो आणि पुन्हा लिहिल्यावर कसा होतो, हे एका उदाहरणातून दाखवाल का?

समजा, दर आठवड्याला एक ऑडिओ कार्यक्रम निघतो आणि त्याचा एपिसोड साधारण साठ मिनिटांचा असतो. श्रोत्यांना विचारलं, "एपिसोड किती मोठा असावा?" पर्याय तीन: सध्यासारखा ६० मिनिटं, ४० मिनिटं किंवा २० मिनिटं. एकाला एकच मत. पहिला मसुदा असा आला:

> नमस्कार मित्रांनो! आमच्या पोलला तुम्ही दिलेल्या उदंड प्रतिसादाबद्दल मनापासून आभार! निकाल पुढीलप्रमाणे: ६० मिनिटं ३९.४२%, ४० मिनिटं ३४.६२%, २० मिनिटं २५.९६%. बहुसंख्य श्रोत्यांना सध्याची लांबी आवडते हे पाहून खूप आनंद झाला. तथापि, सर्व बाबींचा विचार करून आम्ही एपिसोड थोडे आटोपशीर करण्याचा निर्णय घेतला आहे. तसेच मुलाखतींचा न कापलेला भागही वेगळा देण्याचा विचार आहे. असंच प्रेम राहू द्या!

हा मसुदा लिहिणारा माणूस प्रामाणिक आहे आणि त्याचा निर्णयही बरोबर आहे. तरीही हे वाचून श्रोत्याला वाटेल की लोकांनी एक मागितलं आणि यांनी दुसरंच केलं. दोष "तथापि, सर्व बाबींचा विचार करून" या शब्दांत आहे. निकाल आणि निर्णय यांना जोडणारं कारण नेमकं तिथेच यायला हवं होतं, आणि तिथे काहीच नाही. मी लेखकाकडून मूळ आकडे मागवले. पत्र ६५० जणांना गेलं होतं, मतं १०४ आली होती आणि ती ४१, ३६, २७ अशी विभागली होती. त्यावरून पोस्ट अशी झाली:

> पुढच्या महिन्याच्या पहिल्या एपिसोडपासून आपला कार्यक्रम साठऐवजी चाळीस मिनिटांचा असेल.
>
> "एपिसोड किती मोठा असावा?" असं आम्ही ६५० जणांना विचारलं होतं. १०४ जणांनी मत दिलं. ४१ जणांना सध्यासारखी ६० मिनिटं हवी आहेत, ३६ जणांना ४० आणि २७ जणांना २०.
>
> एकेक पर्याय पाहिला तर साठ मिनिटं सगळ्यांत पुढे आहेत. पण १०४ पैकी ६३ जणांना एपिसोड आताच्यापेक्षा छोटा हवा आहे, म्हणून आम्ही लांबी कमी करतोय. वीस मिनिटं मात्र फक्त २७ जणांनाच हवी आहेत, म्हणून चाळीसवर थांबतोय.
>
> ज्या ४१ जणांनी साठ मिनिटं मागितली, त्यांच्या मनासारखं झालेलं नाही, याची आम्हाला जाणीव आहे. बारा एपिसोड झाले की शेवटपर्यंत ऐकणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या बारा एपिसोडशी ताडून पाहू आणि जे दिसेल ते इथेच सांगू.

आभार गेले, आनंद गेला आणि दशांश चिन्हंही गेली. न कापलेल्या मुलाखतीही गेल्या (त्याचं कारण आठव्या प्रश्नात आहे). नव्याने आलं ते ६३. हा आकडा आधीच्या मसुद्यात कुठेच नव्हता, आणि सगळा निर्णय त्याच्यावरच उभा आहे.

३. कारण नीट आलंय की नाही, हे तपासायचं कसं?

मसुद्याची प्रत छापा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक "म्हणून", "त्यामुळे", "यावरून", "लक्षात घेता" यांच्याभोवती गोल करा. मग प्रत्येक गोलाच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. तिथे पोलमधला एखादा आकडा किंवा नेमकी गोष्ट असेल, तर सांधा पक्का आहे. तिथे "तुमच्या भावनांचा आदर करून" किंवा "सर्वांगीण विचार करून" असं असेल, तर सांधा निखळलेला आहे.

त्यानंतर दुसरी तपासणी करा. निर्णय तोच ठेवून निकाल मनातल्या मनात उलटा करा. समजा साठ मिनिटांना ८० मतं पडली असती, तरी तुमचं "म्हणून"चं वाक्य तसंच उभं राहिलं असतं का? राहिलं असतं, तर त्या वाक्याचा निकालाशी काही संबंध नाही. पहिल्या मसुद्यातलं "सर्व बाबींचा विचार करून" कुठल्याही निकालापुढे तितकंच चपखल बसतं. "१०४ पैकी ६३" बसत नाही.

४. आकडे द्यायचे की टक्के?

मतं काहीशेच्या आत असतील, तर आकडे द्या. "१०४ पैकी ४१" वाचताना माणसं डोळ्यांसमोर येतात. "३९.४२%" वाचताना कुणीतरी मोठं सर्वेक्षण केल्यासारखं वाटतं. इथे एका माणसाच्या मताने जवळपास एक टक्का हलतो, तेव्हा दशांशानंतरच्या दोन अंकांना काही अर्थ नाही. मतं हजारोंच्या घरात असतील, तर पूर्णांकात टक्के द्या आणि एकूण मतं एकदा स्पष्ट लिहा.

टक्के दिलेच, तर ते कशाचे टक्के आहेत हे सांगा. उदाहरणात साठ मिनिटांना मत देणाऱ्यांपैकी ३९ टक्के आहेत, पण पत्र मिळालेल्यांपैकी ते सहा टक्क्यांच्या आसपासच आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही वेगळी गोष्ट सांगतात. "३९ टक्के श्रोत्यांना" असं लिहिलं की या दोन्हींची सरमिसळ होते. "मत देणाऱ्यांपैकी" हे दोन शब्द गाळू नका.

पूर्णांकात आणल्यावर बेरीज ९९ किंवा १०१ होऊ शकते. तीन पर्यायांना सारखीच मतं पडली, तर ३३, ३३ आणि ३३ मिळून ९९ होतात. शंभर भरावेत म्हणून एखादा आकडा वाढवू नका. "टक्के पूर्णांकात दिले आहेत" एवढी ओळ पुरते.

५. "बहुसंख्य लोकांनी" असं कधी लिहिता येतं?

निम्म्याहून जास्त असतील तेव्हाच. उदाहरणात साठ मिनिटांना सर्वाधिक मतं आहेत, पण ती बहुमताची मतं नाहीत. १०४ पैकी बहुमत ५३ पासून सुरू होतं. मराठीत "सर्वाधिक", "बहुसंख्य" आणि "बहुतेक" हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सहज येतात, म्हणून मसुद्यात हा घोटाळा मला फार वेळा सापडतो. सर्वांत जास्त मतं मिळाली असतील तर "सर्वाधिक" लिहा. निम्म्याच्या पुढे असतील तर "निम्म्याहून अधिक" लिहा. "बहुतेक" हा शब्द दहापैकी आठ-नऊ जणांसाठी राखून ठेवा.

"लोकांनी", "श्रोत्यांनी", "सगळ्यांनी" हे शब्दही तपासा. मत दिलेल्यांचं बोलायचं असेल, तर "मत देणाऱ्यांनी" हाच शब्द खरा आहे.

६. दोन पर्यायांची मतं एकत्र करून "एवढ्या लोकांना बदल हवा आहे" असं म्हणणं ही लबाडी नाही का?

कधी असते, कधी नसते. हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला नेहमी बरं वाटतं, कारण पोस्टमधली सर्वांत नाजूक जागा हीच आहे.

लांबीच्या पोलमध्ये पर्याय एका रेषेवर आहेत: २०, ४०, ६०. ज्याने वीस मागितली, त्याला साठपेक्षा चाळीस जवळची वाटेल, असं मानायला जागा आहे. म्हणून ३६ आणि २७ यांची बेरीज करून "६३ जणांना आताच्यापेक्षा छोटा एपिसोड हवा आहे" हे विधान करता येतं. मतं चढत्या क्रमाने मांडली, तरी तेच दिसतं. पहिली २७ वीसची, पुढची ३६ चाळीसची आणि मग ४१ साठची. यातलं मधलं मत, म्हणजे बावन्नावं किंवा त्रेपन्नावं, चाळीसमध्ये पडतं. मतदारांना लांबीप्रमाणे ओळीत उभं केलं, तर मधोमध उभा असलेला माणूस चाळीस मिनिटं मागतोय. असा मधला पर्याय साठपुढे किंवा वीसपुढे एकेकटा उभा केला, तरी जिंकण्याची शक्यता सर्वाधिक असते. मात्र त्यासाठी प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या जवळचा पर्याय दूरच्यापेक्षा बरा वाटायला हवा.

आता समजा, प्रश्न विषयाचा होता: इतिहास, संगीत की विज्ञान? हे पर्याय कुठल्याही रेषेवर नाहीत. संगीत मागणाऱ्याला इतिहासापेक्षा विज्ञान बरं वाटेल, असं कशावरून? इथे संगीत आणि विज्ञान यांची बेरीज करून "इतिहास नको असणारे जास्त आहेत" असं लिहिलं, तर ती लबाडीच होईल. त्याच हिशेबाने तिन्ही विषय नकोसे ठरवता येतील.

म्हणून बेरीज करण्याआधी दोन गोष्टी पाहा. पर्याय कमी-जास्त अशा एका क्रमात बसतात का? आणि एकाने एकच मत दिलंय का? अनेक पर्याय निवडायची मुभा असेल, तर तीच माणसं दोनदा मोजली जातील (पुढे दहावा प्रश्न पाहा). बेरीज केलीत, तर सुटे आकडेही द्याच, म्हणजे वाचणाऱ्याला ती स्वतः पडताळता येईल.

७. फारच थोड्यांनी मत दिलं. हे लिहायचं की झाकायचं?

लिहायचं. ६५० पैकी १०४ म्हणजे १६ टक्के. हा आकडा वाईट नाही, पण उरलेल्या ५४६ जणांचं मत या १०४ जणांसारखंच असेल, असं कुणीही म्हणू शकत नाही. आपणहून मत देणारे बहुधा ठाम आवड किंवा ठाम नावड असणारे असतात. ज्यांना दोन्ही चालतं, ते पत्र वाचून पुढे जातात.

मतं खूप आली म्हणून ही अडचण सुटत नाही. अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन जिंकतील असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि ज्यांनी मतपत्रिका परत पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्यामुळे लाखो मतं असूनही अंदाज चुकला.

"चुकीची शक्यता अधिक-उणे अमुक टक्के" असं मात्र लिहू नका. ते गणित यादृच्छिक निवडलेल्या नमुन्यासाठी असतं. ज्याला हवं त्याने मत द्यायचं, अशा पोलला ते लागू होत नाही आणि पोस्टला खोटं वजन देतं.

कमी मतांवर घेतलेला निर्णय सहज मागे घेता येणारा असावा, आणि तो तसा आहे हे पोस्टमध्ये दिसावं. उदाहरणातलं "बारा एपिसोड झाले की ताडून पाहू" हे वाक्य त्याचसाठी आहे. त्यात नेमकं काय मोजणार हेही सांगितलं आहे. नुसतं "पुढे आढावा घेऊ" लिहिलं, तर कधी आणि कशाचा, हे कुणालाच कळत नाही.

८. त्याच पोलवरून आम्ही तीन-चार गोष्टी ठरवल्या. सगळ्या एकाच पोस्टमध्ये का नकोत?

कारण पोलने त्यातल्या एकाचंच उत्तर दिलेलं असतं. उदाहरणातल्या मसुद्यात "न कापलेला भागही वेगळा देण्याचा विचार आहे" असं होतं. पोलमध्ये ते कुणाला विचारलंच नव्हतं. ती साठ मिनिटं मागणाऱ्यांची समजूत घालण्यासाठी ऐन वेळी सुचलेली कल्पना होती. कल्पना चांगली असेलही, पण या पोस्टमध्ये आली की वाचणाऱ्याला वाटतं, हेही मतांवरूनच ठरलंय. शिवाय "विचार आहे" म्हणजे निर्णय नव्हे, तरी लोक ते वचन म्हणून लक्षात ठेवतात.

दुसरा निर्णय खरोखरच मतांतून निघाला असेल, तर त्याची वेगळी पोस्ट करा आणि त्यात त्याचा स्वतःचा आकडा द्या.

९. निर्णय सर्वाधिक मतांच्या विरुद्ध आहे. किंवा खरं सांगायचं तर तो आधीच ठरला होता. कसं लिहू?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वाधिक मतांचा पर्याय डावलला असेल, तर ते पहिल्या तीन परिच्छेदांतच स्पष्ट शब्दांत कबूल करा आणि कशामुळे डावलला ते सांगा. कारण पोलमधलं असू शकतं, जसं उदाहरणातलं ६३. ते पोलबाहेरचंही असू शकतं: खर्च, माणसं, वेळ. पोलबाहेरचं असेल, तर "पोलमध्ये अमुक पुढे होतं, पण ते करायला लागणारी माणसं आमच्याकडे नाहीत, म्हणून तमुक करतोय" असं सरळ लिहा. पोलच्या आकड्यांतून ते कारण काढून दाखवायचा प्रयत्न करू नका. लोक मतमोजणी पुन्हा करून पाहतात.

निर्णय आधीच झाला होता, तर ही पोस्ट "पोलमुळे घेतलेला निर्णय" म्हणून लिहिताच येत नाही. मग निर्णयाची वेगळी घोषणा करा आणि पोलचा निकाल वेगळा द्या. हे लिहायला जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण लोकांनी दोन मिनिटं काढून मत दिलं ते त्याचा उपयोग होईल म्हणून. तो झाला नसेल, तर झाला असं त्यांना सांगू नये.

१०. आमच्या पोलमध्ये एकाहून जास्त पर्याय निवडता येत होते. बेरीज शंभराच्या पुढे गेली. आता?

ते चूक नाही. पण "मतं" हा शब्द सोडा आणि "माणसं" मोजा. "८० जणांनी उत्तर दिलं. त्यांतल्या ५२ जणांना सकाळ चालते, ४७ जणांना संध्याकाळ चालते. अनेकांनी दोन्ही निवडलं आहे, म्हणून बेरीज ८० पेक्षा जास्त आहे." क्रियापदही बदललं आहे, ते पाहा: "हवी आहे" च्या जागी "चालते". अनेक पर्याय निवडणारा माणूस आपली पहिली पसंती सांगत नसतो, काय खपेल ते सांगत असतो. पाई चार्ट वापरू नका. त्यात वर्तुळ म्हणजे पूर्ण शंभर असं धरलेलं असतं. आडवे बार चालतील.

११. निकाल आल्यावर लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा विचारला होता. पोस्ट टाकायची का?

टाका, आणि प्रश्न जसाच्या तसा अवतरणात द्या. नीट करून देऊ नका. "लांबलचक एपिसोड ऐकून कंटाळा येतो का?" असं विचारलं असेल, तर होकार जास्त येणारच. त्या होकारांना "लोकांना छोटे एपिसोड हवेत" असं रूप देणं म्हणजे चूक लपवणं. निकाल द्या, प्रश्नात कल होता हे एका वाक्यात सांगा, निर्णय थांबवा आणि पुन्हा कधी विचारणार ती तारीख द्या.

पर्याय अपुरे असणं हा सौम्य प्रकार झाला. "इतर" मध्ये बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिली असेल, तर ती नावाने आणि आकड्यासह सांगा.

१२. लोकांनी लिहिलेली मतं पोस्टमध्ये घेऊ का?

एखाद-दुसरं घ्या, तेही निर्णयाच्या विरुद्ध बाजूचं आधी. परवानगी घेतल्याशिवाय नाव देऊ नका. नाव नसलं तरी लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो, आणि गट लहान असला तर हमखास. अशा वेळी अवतरण न देता आशय सांगा. "तीन जणांनी लिहिलं, की प्रवास तासाभराचा असतो, म्हणून साठ मिनिटं बरी पडतात" हे पुरेसं आहे.

१३. बरोबरी झाली तर?

एक-दोन मतांचा फरकही बरोबरीच समजा. "दोन्ही पर्याय सारखेच पुढे होते, त्यातून आम्ही हा निवडला" असं लिहा आणि निवडीचं कारण आपलं स्वतःचं म्हणून सांगा. ४१ विरुद्ध ४० ला "कौल" म्हणू नका.

१४. पोस्ट टाकल्यावर आकडा चुकल्याचं कळलं. गुपचूप दुरुस्त करू?

नको. आकडा दुरुस्त करा आणि खाली तारखेसह लिहा: "आधी २७ ऐवजी २९ लिहिलं होतं." मग तिसऱ्या प्रश्नातली दुसरी तपासणी नव्या आकड्यांवर पुन्हा करा. "म्हणून"चं वाक्य टिकलं, तर "निर्णय बदलत नाही" एवढं त्याच टिपेत जोडा. ते टिकलं नाही, तर टीप पुरत नाही. नवी पोस्ट लिहायला हवी, आणि तिचंही पहिलं वाक्य काय बदललं हेच सांगेल.